बालवाडीत शरीरसुरक्षा: एक नियम, एक गाणं आणि सोनूची गोष्ट

प्रश्न: आमच्या बालवाडीत ३ ते ६ वयाची मुलं आहेत. चांगला स्पर्श-वाईट स्पर्श गाण्यातून आणि गोष्टीतून शिकवायचा आहे, पण मुलं घाबरायला नकोत आणि पालकांचाही गैरसमज व्हायला नको. नेमकं काय शिकवू, किती दिवस, आणि एखादं मूल मध्येच काही बोललं तर काय करू?

ताई, सुरुवातीलाच एक बदल करा. 'छान वाटतो तो चांगला स्पर्श, वाईट वाटतो तो वाईट स्पर्श' असं शिकवू नका. या वयाच्या मुलाला ते उलटं समजतं. इंजेक्शन दुखतं, केसांतला गुंता सोडवताना दुखतं, कानात औषध घातलं की कसंतरी होतं; मुलाच्या हिशेबात हे सगळे वाईट स्पर्श. आणि त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा मारत-झोडत नाही. तो मांडीवर घेतो, खाऊ देतो, गुदगुल्या करतो, आणि त्या गुदगुल्यांतूनच हळूहळू पुढे सरकतो. मुलाला सुरुवातीला ते छानही वाटतं. मग 'वाईट वाटलं तर सांग' या सूचनेत ते बसतच नाही. अमेरिकेत सँडी वर्टेल यांनी १९८०च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांना या दोन्ही पद्धतींनी शिकवून तुलना केली होती. 'कसं वाटतं ते बघ' असं शिकलेल्या मुलांपेक्षा साधा नियम शिकलेल्या मुलांना कोणता स्पर्श चालतो आणि कोणता नाही हे जास्त नीट सांगता आलं.

तेव्हा नियम शिकवा, आणि तो एकच ठेवा: चड्डीच्या आतल्या जागा आणि छाती माझी आहे, स्वच्छता किंवा औषध सोडून तिथे कोणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि मलाही कोणाच्या अशा जागेला हात लावायला सांगायचं नाही, असं काही झालं तर मी सांगणार. गाणं हा नियम मुलाच्या तोंडात बसवतं. गोष्ट त्यातला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे 'सांगणं', मुलाकडून करून घेते. गाणं आणि गोष्ट यांची कामं अशी वेगळी ठेवलीत तर दोन्ही सोपी होतात.

वेळेचा अंदाज असा. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १५ मिनिटं. तीन-साडेतीन वर्षांची मुलं दहा मिनिटांतच चुळबुळ करतात. त्यांना गाण्यानंतर खेळायला सोडलंत तरी चालेल. पहिला आठवडा अवयवांची नावं आणि गाण्याची पहिली दोन कडवी. दुसरा आठवडा उरलेलं गाणं आणि चित्रांचा खेळ. तिसरा आठवडा गोष्ट. चौथा आठवडा पंजाचं चित्र आणि 'सांगण्याचा' सराव. पुढे गाणं आठवड्यातून एकदा इतर बडबडगीतांच्या मध्येच वर्षभर चालू ठेवा आणि गोष्ट दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगा, कारण या वयात एकदा शिकलेलं फार टिकत नाही. एखाद्या 'विशेष दिवशी' बाहेरच्या पाहुण्यांनी येऊन तासभर सांगून जायचं, हा सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार. तो पाहुणा निघून जातो आणि मुलाला जे सांगायचं असतं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी सुचतं.

आता नावांचं. डोळे, नाक, कान जसे सांगतो त्याच आवाजात छाती, ढुंगण, शूची जागा, शीची जागा ही नावं घ्या. आवाज खाली गेला, ओठात हसू आलं किंवा 'शी शी' असा चेहरा झाला की मुलाला तेवढ्यात कळतं की हे बोलायचं नसतं, आणि तुमचा पुढचा सगळा पाठ वाया जातो. घराघरांत लाडाची नावं असतात: चिमणी, पोपट, फूल. घरात ती चालू द्या, पण बालवाडीत 'शूची जागा' हा शब्द सगळ्यांना आलाच पाहिजे. कारण उघड आहे. 'दादाने माझी चिमणी धरली' असं एखादं मूल डबा खाता खाता म्हणालं, तर ऐकणारी ताई म्हणते, 'हो का? मग उडून गेली का चिमणी?' मूल सांगून मोकळं झालेलं असतं आणि कोणी ऐकलेलंच नसतं. शिश्न, योनी हे शब्द पालकांना वापरायचे असतील तर उत्तमच. बालवाडीसाठी मात्र कोणत्याही मोठ्या माणसाला पहिल्या झटक्यात कळेल असा एक शब्द पुरेसा आहे.

नावं शिकवायला कापडी बाहुली घ्या, हातभर लांबीची, अंगात सदरा आणि चड्डी असलेली. शक्य असेल तर दोन बाहुल्या, एक मुलगा आणि एक मुलगी. दाखवायचं ते बाहुलीवर, कपड्यांवरूनच. मुलांच्या अंगाला हात लावून कधीही दाखवू नका आणि मुलांनाही एकमेकांवर दाखवायला सांगू नका. जो नियम शिकवतोय तोच आपण मोडतोय, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

गाणं असं घेता येईल. चाल कोणतीही साधी, टाळीवर बसणारी, चार मात्रांची:

डोळे माझे, कान माझे,
गाल माझे दोन,
छाती, ढुंगण, शूची जागा,
हात लावतं कोण?

शी झाली की आई धुते,
दुखलं की डॉक्टर,
तेव्हासुद्धा घरचं कोणी
असतं बरोबर.

उगीच कोणी हात लावता
'नको नको' म्हणेन,
'सांगू नको' म्हटलं तरी
धावत येऊन सांगेन.

तेव्हा शब्द फुटला नाही,
रागवू नका मला,
उद्या सांगेन, परवा सांगेन
आईला, आजीला.

पहिल्या कडव्याच्या शेवटी 'कोण?' म्हणून थांबायचं आणि मुलांनी 'कुण्णी नाही!' असं ओरडायचं. ती ओरड महत्त्वाची आहे. मोठ्या माणसाला मोठ्या आवाजात नाही म्हणायची संधी लहान मुलाला एरवी मिळतच नाही. तसं म्हटलं की धपाटा बसतो. इथे ते खेळात करून घेता येतं. दुसरं कडवं गाळू नका, ते लांबण लावतं असं वाटलं तरी. त्याशिवाय पहिलं कडवं शिकलेलं मूल अंघोळीला नाही म्हणतं, शी धुवायला आलेल्या आजीला ढकलतं, दवाखान्यात किंचाळतं. आठवड्याभरात पालकांकडून अशी तक्रार आली तर दुसरं कडवं कमी पडलंय असं समजायचं. बाबा किंवा आजोबा धूत असतील तर 'आई'च्या जागी त्यांचं नाव घाला. पुरुषांनी आपल्या मुलांना अंघोळ घालण्यात गैर काही नाही, आणि मुलांच्या मनात तसं भरवूही नये.

शेवटची दोन कडवी 'म्हणेन, सांगेन, रागवू नका मला' अशी मुद्दाम ठेवली आहेत, म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघांनाही तीच ओळ म्हणता येते. हा विषय मुलींचा समजून मुलग्यांना बाहेर खेळायला पाठवलं जातं, ते चुकीचं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला होता, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. त्याच अहवालात छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले.

चौथं कडवं सगळ्यात जास्त वेळा म्हणा. 'नको म्हण, पळ, सांग' एवढंच शिकवलं आणि मुलाला त्या क्षणी नको म्हणता आलं नाही, तर त्याच्या मनात काय उरतं? मी ताईंचं ऐकलं नाही, म्हणजे चूक माझी. असं मूल मग कधीच सांगत नाही. भीतीने अंग थिजणं, हे मोठ्या माणसांचंही होतं. म्हणून नको म्हणता आलं नाही तरी चालतं, पळता आलं नाही तरी चालतं, आणि कितीही दिवसांनी सांगितलं तरी चालतं, हे गाण्यातच असलं पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यातला चित्रांचा खेळ छोटा आहे. पोस्टकार्डाच्या आकाराची दहा चित्रं काढा किंवा कापून चिकटवा: आजी डोक्याला तेल लावतेय, आई बाळाची शी धुतेय, डॉक्टर पोट तपासतायत आणि बाबा शेजारी उभे आहेत, ताई सँडलचा पट्टा लावून देतेय, मैत्रीण हात धरून पळतेय, आजोबांनी खांद्यावर घेतलंय. ही सहा नियमात बसणारी. मग चार न बसणारी: मोठा मुलगा चड्डी काढायला सांगतोय, कोणीतरी मोबाइल घेऊन अंघोळीच्या दारात उभं आहे, एक बाई आपल्या चड्डीकडे बोट दाखवून 'हात लाव' म्हणतेय, ओळखीचा काका मांडीवर घेऊन चड्डीत हात घालू बघतोय आणि 'श्श' म्हणतोय. शेवटच्या चित्रात फक्त चेहरे आणि तोंडावर ठेवलेलं बोट दाखवा, बाकी तोंडी सांगा. योग्य स्पर्शांची चित्रं जास्त हवीत. सगळी चित्रं वाईटच असतील तर मुलं न बघता प्रत्येक चित्राला 'नाही!' म्हणायला लागतात आणि आपल्याला वाटतं की शिकली. तेल लावणाऱ्या आजीलाही 'नाही' म्हणतायत का, हीच खरी परीक्षा.

आणि चित्रातला माणूस काळा, दाढीवाला, डोळे वटारलेला काढू नका. या वयाची मुलं 'वाईट माणूस' म्हणजे दिसायला वाईट माणूस असंच धरतात. मग शेजारच्या हसऱ्या, पतंग करून देणाऱ्या काकांना हा नियम लागू होतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. 'अनोळखी माणसापासून जपा' एवढ्यावर थांबणाऱ्या सगळ्या शिकवणुकीचं दुखणं हेच आहे.

गोष्टीतही म्हणूनच राक्षस, लांडगा नको. प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात, पण ससुल्याने काय केलं ते ऐकून 'मीही तसंच करायचं' इथपर्यंत बालवाडीतलं मूल सहजी पोचत नाही. मूल माणसाचंच ठेवा, त्यांच्यासारखंच डबा नेणारं. अशी एक गोष्ट सांगण्याच्या पद्धतीसकट देते.

सोनू पाच वर्षांचा. त्याला पतंग फार आवडायचे. खालच्या मजल्यावरचे नानाकाका त्याला पतंग करून द्यायचे. ते हसवायचे, गोष्टी सांगायचे. सोनूला ते आवडायचे. एकदा गच्चीवर दोघंच होते. नानाकाका म्हणाले, 'सोनू, चड्डी काढ बघू. आपली गंमत. पण कोणाला सांगायचं नाही हं, नाहीतर पतंग बंद.'

इथे थांबा. विचारा, 'काकांनी सांगितलं ते आपल्या नियमात बसतं का?' मुलं 'नाही' म्हणतील. 'का नाही?' हेही विचारा, आणि 'शी झाली नव्हती', 'डॉक्टर नव्हते', 'आई नव्हती' अशी मोडकीतोडकी उत्तरं आली तरी ती बरोबर धरा. 'काका चांगले की वाईट?' हा प्रश्न मात्र विचारू नका. ज्या मुलाच्या घरातल्या लाडक्या माणसाबद्दल काही आहे, ते तिथेच गप्प होतं. काकांनी केलं ते नियमाबाहेर आहे, एवढं पुरे.

सोनूच्या पोटात गोळा आला. त्याला 'नको' म्हणायचं होतं, पण आवाजच फुटेना. तो तसाच जिना उतरून पळाला.

पुन्हा थांबा. 'आवाज फुटला नाही म्हणून सोनूचं चुकलं का?' इथे गाण्याचं चौथं कडवं सगळ्यांनी म्हणायचं.

सोनू स्वयंपाकघरात गेला. आई फोनवर बोलत होती. तो म्हणाला, 'आई, नानाकाका ना...' आई म्हणाली, 'थांब रे, नंतर सांग.' सोनू जरा वेळ दारात उभा राहिला. मग तो आजीकडे गेला. आजी तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, 'आजी, नानाकाका म्हणाले चड्डी काढ आणि कोणाला सांगू नको.' आजीने सूप बाजूला ठेवलं.

इथे तिसऱ्यांदा थांबायचं आणि गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम करायचं. प्रत्येक मुलाने उठून सोनूचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. तुम्ही आजी व्हा, हातात सूप घ्या, ते खाली ठेवा. 'आजी, नानाकाका म्हणाले चड्डी काढ.' नाव, आणि काय झालं. हे दोन तुकडे एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याला कळतं. 'आजी, मला भीती वाटते' एवढंच म्हटलं तर कोणीही म्हणेल, 'अरे, कसली भीती, भूत-बीत काही नसतं.' वर्गात वीसेक मुलं असतील तर हे एका दिवसात होत नाही. दर वेळी पाच-सहा मुलं घ्या. लाजणाऱ्या मुलाला जबरदस्ती नको, त्याने बाहुलीला बोलायला लावलं तरी चालतं.

आजी म्हणाली, 'सांगितलंस ते फार छान केलंस. तुझी काही चूक नाही. आता पुढचं आम्ही मोठी माणसं बघतो.' आजीने आईला आणि बाबांना सांगितलं. तेव्हापासून सोनू एकटा नानाकाकांकडे गेला नाही. रविवारी बाबांनी त्याला लाल कागदाचा पतंग करून दिला.

गोष्टीत पोलीस, बेड्या, तुरुंग आणू नका. 'मी सांगितलं तर बाबांना पकडून नेतील' ही भीती मुलांना गप्प ठेवते, आणि त्रास देणाराही तीच घालतो. गोष्टीतला पतंग शेवटी परत आलाय तोही उगीच नाही. सांगितल्यामुळे आपलं आवडतं काही हिरावलं जात नाही, हे मुलाला दिसायला हवं. आणि आईने पहिल्यांदा ऐकलं नाही, हा भाग पालकांना खटकतो. तरी तो काढू नका. मोठी माणसं खरोखरच पहिल्यांदा ऐकत नाहीत. मुलाला दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जायची वाट माहीत हवी.

तीच वाट पंजाच्या चित्रातून पक्की होते. कागदावर मुलाचा हात ठेवून पेन्सिलीने आकार काढायचा आणि प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस: 'मला काही सांगायचं असेल तर मी कोणाला सांगीन?' माणसं मूल निवडेल. पाचपैकी निदान एक घराबाहेरचं असावं, जसं शाळेतली ताई, अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी, मामी. बोटावर सात वर्षांची ताई किंवा दादा आला तर हसून म्हणायचं, 'तो तर आहेच, आता एक मोठं माणूस शोधू.' आणि मुलाने बाबांचं किंवा आजोबांचं नाव घेतलं नाही तर 'अरे, बाबा राहिले की!' असं म्हणू नका. कारणही विचारू नका. मनात नोंद ठेवा, एवढंच. बहुतेक वेळा त्यामागे काहीही नसतं; बाबा कामावर असतात म्हणून ते आठवत नाहीत.

गंमत आणि गुपित यांतला फरक याच आठवड्यात सांगून टाका. आजीच्या वाढदिवसाला आणलेली साडी ही गंमत. ती एका ठरावीक दिवशी सगळ्यांना कळणार असते. 'कधीच कोणाला सांगायचं नाही' असं कोणी म्हटलं तर ते सांगायचंच. शरीराबद्दलचं गुपित ठेवायचं नसतं.

पालकांची सभा पहिल्या आठवड्याच्या आधी घ्या, नंतर नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो. भाषण करू नका; त्यांना गाणं म्हणून दाखवा, गोष्ट जशीच्या तशी सांगा, चित्रं हातात द्या. 'इतक्या लहान वयात कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. मुलांना यातून नेमकं काय कळणार आहे हे त्यांनी स्वतः ऐकलं की तो आपोआप विरतो, कारण गाण्यात आणि गोष्टीत मोठ्यांच्या संबंधांविषयी एक अक्षरही नाही. मुलं घाबरतील का, याचंही उत्तर उपलब्ध आहे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने अशा शालेय कार्यक्रमांच्या २४ चाचण्या एकत्र करून तपासल्या. मुलांना नियम कळतात आणि त्यांची भीती वाढत नाही, असं त्यात दिसलं. मात्र अशा पाठांमुळे छळ थांबतोच, एवढं त्यावरून म्हणता येत नाही. हे पालकांना स्पष्ट सांगा. राखण मोठ्यांनीच करायची आहे: मूल कोणाबरोबर एकटं राहतं, शिकवणीच्या खोलीचं दार उघडं असतं का, रिक्षात शेवटी एकटं कोण उरतं, हे बघायचं काम मुलाचं नाही.

सभेत पालकांकडून एकच गोष्ट मागा. पाहुणे आले की 'काकांना पापी दे' म्हणून मुलाला पुढे ढकलायचं नाही. नमस्कार, टाळी, नुसतं हसणं, जे मूल निवडेल ते. बालवाडीत 'माझं अंग माझं' आणि घरी 'दे बघू पापी, नाहीतर काकांना राग येईल', असं झालं तर मूल घरचंच खरं धरतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि याची तयारी पहिल्या पाठाच्या आधीच हवी, कारण मूल कधीही बोलू शकतं. ते रडत येत नाही. गाणं चालू असताना, नाहीतर चपला घालताना सहज म्हणतं, 'आमच्याकडे पण दादा असं करतो.' सगळ्यांसमोर बोललं तर एवढंच म्हणा, 'मला सांगितलंस, छान केलंस. आपण दोघं आता बोलू,' आणि गाणं पुढे न्या. मग त्याच दिवशी, मुलं पांगल्यावर, दार उघडं असलेल्या जागी शेजारी बसा.

तिथे विचारायचं फार थोडं. 'तू म्हणालास त्याबद्दल मला सांग.' 'मग?' 'आणखी काही सांगायचंय?' बस. 'दादाने चड्डीत हात घातला का?' असा हो-नाहीचा प्रश्न विचारू नका. मोठ्यांना जे हवं वाटतं त्याला लहान मूल हो म्हणतं, आणि पुढे तुमच्याच प्रश्नामुळे त्याच्या खऱ्या बोलण्यावरही शंका घेतली जाते. चेहरा शांत ठेवा. 'अरे देवा!' म्हणालात की मूल आपलं वाक्य मागे घेतं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी: 'माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी चूक नाही. ज्यांना मदत करता येते त्यांना मी सांगणार आहे.' मूल उठून गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, 'चिमणी' म्हटलं असेल तर 'चिमणी'च. तारीख, वेळ, आणि त्याआधी तुम्ही काय विचारलं होतंत तेही. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, मुख्याध्यापिकेसमोर नाही आणि आईसमोर तर नाहीच.

मग कळवायचं. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची शंका असलेल्या कोणीही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थाचालकाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एका वर्षापर्यंत कैद आणि दंड. खात्री करून घेणं हे आपलं काम नाही, आणि चौकशी म्हणून त्या माणसाला बोलावून विचारणं तर अजिबात नाही. त्याने मूल आणखी अडचणीत येतं. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी कोणाला आणि कधी सांगायचं हे आधी हेल्पलाइनशी बोलून ठरवा. नुकतंच काही घडलं असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, आणि लगेच सरकारी रुग्णालयात न्यावं. आईवडिलांना पोलीस ठाण्याचीच भीती असते. त्यांना सांगा की कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात न येता. मुलाचं नाव शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर, इतर पालकांत, अगदी इतर शिक्षिकांतही जाऊ देऊ नका.

आणि दुसऱ्या दिवशी ठरलेलं असेल तर गाणं घ्याच. बोललेल्या मुलाकडे न बघता, नेहमीच्या जागी बसून, नेहमीच्या चालीत. आता त्याला त्रास होईल म्हणून अनेक जणी गाणं बंद करतात. पण त्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की मी बोललो आणि गाणं गेलं. बाकीच्यांपैकी ज्याला अजून सांगायचंय, त्यालाही तेच कळतं. चौथ्या कडव्याच्या वेळी त्याला म्हणावंसं वाटलं नाही तर नुसत्या टाळ्या वाजवू द्या.